झाकणातली खिचडी

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या अनुदानित शाळेत मधली सुट्टी झाली की वर्ग आपोआप दोन भागांत विभागला जातो. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे शासनाकडून दीडशे ग्रॅम तांदूळ येतो आणि त्याची खिचडी शाळेतच शिजते. ती सर्वांसाठी असली तरी रांगेत मोकळा डबा घेऊन उभी राहणारी मुले ठरलेली असतात, आणि घरून भरलेला डबा आणणारी मुले बाकावरून उठत नाहीत. वर्गशिक्षिका म्हणून हे चित्र मी अनेक वर्षे पाहत आले आहे. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मात्र सारिका आणि ऋचा या दोन मुलींनी ते बदललेले मी पाहिले.

ऋचाच्या वडिलांची गुजरीत सोन्याचांदीची पेढी आहे आणि घर ताराबाई पार्कात. तिची आजी याच शाळेत शिकली, म्हणून घरच्यांनी हट्टाने तिला मराठी शाळेत घातले. सारिकाचे वडील शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर आहेत, तर आई पहाटे चारला उठून एका खाणावळीसाठी भाकऱ्या थापते. जूनमध्ये उंचीप्रमाणे बसवताना मी दोघींना एका बाकावर बसवले, त्यात माझा दुसरा काही हेतू नव्हता.

ऋचाचा डबा तीन कप्प्यांचा होता: एकात तुपाचा हात फिरवलेल्या मऊ पोळ्या, दुसऱ्यात भाजी आणि तिसऱ्यात फळांच्या फोडी. सारिकाचा डबा जर्मनचा होता. त्याला एका बाजूने पोचा आल्यामुळे झाकण नीट बसत नसे, म्हणून ते दप्तरात वाजू नये यासाठी ती डब्याला रुमाल बांधून आणी. कधी कधी त्यात घरची अर्धी भाकरी आणि खर्डा असे. खिचडी घेऊन आली की ती आधी डब्याचे झाकण उलटे करी, त्यात थोडी खिचडी काढून ऋचापुढे सरकवी आणि मगच स्वतःचा पहिला घास घेई. ऋचा त्याच झाकणाच्या कडेला पोळीचा तुकडा आणि भाजी ठेवी. दोघींनी एकमेकींना कधी ‘घे’ म्हटल्याचे मला आठवत नाही. खर्डा खाताना ऋचाच्या डोळ्यांत पाणी येई, तेव्हा सारिका न हसता पाण्याच्या बाटलीचे बूच काढून ठेवी. तिने हसू आवरले नसते तर कदाचित दुसऱ्या दिवशी ऋचाने खर्डा मागितला नसता, असे मला वाटते.

शाहू जयंतीला, २६ जूनला, मी वर्गात गंगाराम कांबळे यांची हकिकत सांगितली होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या या माणसाने हॉटेल काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांचा चहा प्याले, हे कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत माहीत असते. महाराज एवढे मोठे असताना त्यांनी असे का केले असेल, असे मी विचारल्यावर उत्तरासाठी कधीच हात वर न करणारी सारिका उभी राहिली आणि म्हणाली, “वाड्यावर बोलवून चहा दिला असता तर ते उपकार झाले असते, बाई. तिथं जाऊन प्याले, म्हणून मोठी गोष्ट झाली.” मी त्या उत्तराला शाबासकी दिली खरी, परंतु त्या मुलीला हा फरक किती आतून कळला आहे, हे मला सप्टेंबरमध्ये समजले.

गौरी-गणपतीनंतर ऋचाच्या आईला या मैत्रीविषयी कळले. बाई मनाने चांगल्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ऋचाबरोबर ‘तुझ्या मैत्रिणीसाठी’ म्हणून वेगळा खाऊ पाठवायला सुरुवात केली, आणि तो आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात घालून दिला, म्हणजे तो हरवला किंवा परत आला नाही तरी काही बिघडू नये. त्या दिवशी बाकावर एकाऐवजी दोन डबे उघडले गेले. आतल्या पोळ्या त्याच होत्या आणि भाजीही तीच होती, फक्त त्या आता वेगळ्या झाल्या होत्या. सारिकाने डबा पाहिला, थोडा वेळ रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, मग म्हणाली, “मी आज खिचडी खाल्लोय. पोट भरलंय.” ती रांगेत गेलीच नव्हती, हे मला दारातून दिसत होते.

पुढचे तीन दिवस तिने जेवायला बसण्याची जागा बदलली. मला मध्ये पडावेसे वाटत होते, परंतु अशा वेळी शिक्षकाने बोललेला शब्द मुलांच्या मैत्रीवर ओझ्यासारखा बसतो, म्हणून मी थांबले. ऋचा ते तीनही दिवस डबा उघडून तशीच बसे. चौथ्या दिवशी घंटा झाल्याबरोबर तिने आपल्या डब्याचा एक कप्पा मोकळा केला, तो घेतला आणि खिचडीच्या रांगेत सारिकाच्या मागे जाऊन उभी राहिली. पेढीवाल्यांची मुलगी रांगेत पाहून पुढच्या दोघीतिघींनी वळून पाहिले. स्वयंपाकाच्या मावशींनी विचारले, “डबा विसरलीस होय गं?” त्यावर ती म्हणाली, “नाही मावशी, मला झाकणातली मिळेना, म्हणून आलो.” सारिका वळली नाही. मात्र बाकाशी परतल्यावर तिने रुमालाची गाठ सोडून झाकण उलटे केले.

तो प्लास्टिकचा डबा सारिकाने त्याच दिवशी घरी नेला, हे ऋचाने मला नंतर सांगितले. सोमवारी तो परत आला तेव्हा स्वच्छ घासलेला होता आणि त्यात भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा गच्च भरल्या होत्या. सारिकाच्या मामाचे कागल तालुक्यात थोडे रान आहे आणि पहिल्या काढणीच्या शेंगा तिकडून येतात. “आई म्हणती, मोकळा डबा परत द्यायचा नसतो,” एवढेच ती बोलली. शेंगांना मीठ बेताचे होते आणि टरफलाच्या आत ते मुरले होते. मला हे ठाऊक आहे, कारण मूठभर शेंगा दोघींनी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या.

ज्या डब्याचा परत यायचा हिशोबच कोणी धरला नव्हता, तो असा भरून घरी आलेला पाहून ऋचाच्या आईला काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकते. त्यांनी मला फोन केला, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्या आणि शेवटी विचारले, “बाई, मी काही चुकीचं केलं का हो?” मी त्यांना झाकणाविषयी सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही मला तोडले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून वेगळा डबा बंद झाला. ऋचाच्या डब्यात दोन पोळ्या जास्त येऊ लागल्या, एवढाच बदल झाला.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेला दोन्ही माता आल्या. सारिकाची आई खाणावळीतून थेट आली होती आणि तिच्या मनगटावर पीठ वाळलेले होते. ऋचाच्या आई तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या खर्ड्याशिवाय आमची आता जेवत नाही. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा मी तिला घेऊन येते. मला तो करायला शिकवाल का?”

“या की,” सारिकाची आई म्हणाली. “पण जेवूनच जायचं. आणि येताना मिरच्या आणू नका, आमच्याकडं हायत.”