रोजच्या गाळप रिपोर्टचा डेटा कोश
हंगाम २०२५-२६, आवृत्ती ३

सकाळी ७.३० वाजता आपोआप निघणारा रिपोर्ट शेतकी, उत्पादन, लॅब, अकाउंट्स, गोडाऊन आणि पाचही गट ऑफिसना जातो. त्यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ इथे लिहिला आहे. मराठी आणि कन्नड प्रतींत नावे वेगळी दिसतील, पण डावीकडचा कोड दोन्हींत एकच राहील. मीटिंगमध्ये कोड सांगून बोलावे. ‘टनेज’ एवढेच म्हटले की शेतकीला आवक ऐकू येते, उत्पादनाला गाळप आणि अकाउंट्सला बिल.

आधी तीन नियम

दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६. तारीख दिवस सुरू झाल्याची धरायची. रात्री दोन वाजता काट्यावर आलेली गाडी कॅलेंडरने उद्याची असली, तरी रिपोर्टात आजचीच.

वजन मेट्रिक टनात, साखर क्विंटलमध्ये, क्षेत्र एकरात.

दशांश म्हणजे दशांश. १ तास ३० मिनिटे म्हणजे १.५०, आणि १ एकर २० गुंठे म्हणजेही १.५०. स्लिपबॉयच्या वहीत १ एकर २० गुंठे ‘१.२०’ असे लिहितात. वहीत तसेच लिहू द्या, सिस्टीममध्ये एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने आहेत. तिसऱ्या रकान्यात स्वतः बेरीज करून टाकू नये.

आवक `cane_recd_mt`

ज्या गाड्यांचे भरलेले वजन त्या दिवसात झाले, त्यांचा ऊस. अडचण अशी की भरलेली गाडी काट्यावरून यार्डात जाते तेव्हा तिचे रिकामे वजन अजून झालेले नसते, म्हणजे निव्वळ वजन कुणालाच माहीत नसते. म्हणून आवक काढताना त्याच गाडीच्या मागच्या तीन खेपांच्या रिकाम्या वजनाची सरासरी वजा केली जाते. पहिल्याच खेपेची गाडी असेल तर त्या प्रकारच्या गाड्यांची सरासरी. ट्रक, डबल ट्रॉली, अंगद आणि बैलगाडी असे चार प्रकार आहेत.

आवक हा अंदाज आहे. यार्डात किती ऊस उभा आहे आणि उद्या किती गाड्या सोडायच्या, हे ठरवायला तो पुरतो. बिलासाठी तो वापरायचा नाही. जबाबदारी: शेतकी.

गाळप `crush_mt`

ज्या गाड्यांचे रिकामे वजन त्या दिवसात झाले, त्यांचे प्रत्यक्ष निव्वळ वजन. कॅरियरवर पडलेला पण मिलमध्ये न गेलेला ऊस वेगळा धरत नाही. सकाळी सहाला तो जवळजवळ रोज सारखाच असतो आणि त्याच्यासाठी नवा वाद नको.

```sql
SELECT SUM(net_wt) AS crush_mt
FROM   kata_slip
WHERE  tare_time >= :day_start
  AND  tare_time <  :day_end
  AND  status <> 'CANCEL';
```

पहाटे ५.४० ला भरलेले आणि ६.२५ ला रिकामे वजन झालेली गाडी कालच्या आवकेत आणि आजच्या गाळपात येते. आवक आणि गाळप जुळत नाहीत ही तक्रार पुन्हा येऊ नये. ते जुळायचे नसतातच, त्यांच्यामध्ये यार्ड आहे. जबाबदारी: काटा विभाग.

यार्ड शिल्लक `yard_mt` आणि फरक `yard_adj`

सुरुवातीची शिल्लक + आवक − गाळप. समजा सकाळी १,८४० टन होता, ६,९१० आला, ७,२०५ गाळला. हिशेबाने १,५४५ उरतो. सहा वाजता मोजलेल्या गाड्यांवरून १,५३८ निघाला तर `yard_adj` मध्ये −७ दिसेल आणि पुढचा दिवस १,५३८ ने सुरू होईल. हा फरक अंदाजी आणि खऱ्या रिकाम्या वजनातला आहे, चोरीचा नाही. आवकेच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा मोठा झाला तर मात्र रकाना लाल होईल. तेव्हा यार्ड सुपरवायझर आणि काटा क्लार्क यांनी मिळून स्लिपा तपासायच्या.

क्षमता वापर `cap_use_pct` आणि चालू वेग `run_rate_tcd`

आपली क्षमता ७,५०० टीसीडी. ७,२०५ टन गाळप म्हणजे क्षमता वापर ९६.०७ टक्के. इथे २४ तास पूर्ण धरले आहेत, मिल बंद असो वा चालू. त्याच दिवशी मिल २१.५० तास चालली असेल तर चालू वेग ७,२०५ ÷ २१.५० × २४, म्हणजे ८,०४३ टीसीडी. मिल फोरमनचा आकडा दुसरा आणि संचालकांचा पहिला. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच वाक्यात दोन्ही घेऊ नयेत. रिपोर्टच्या पहिल्या पानावर क्षमता वापर येईल, चालू वेग उत्पादनाच्या पानावर.

बंद वेळ `stop_hrs`

मिलमध्ये ऊस पडणे पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबले तर बंद वेळ. हळू चालणे म्हणजे बंद नव्हे. कारणांची यादी ठरलेली आहे: ऊस नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, सफाई, पाऊस. ‘इतर’ हे कारण काढून टाकले आहे, कारण महिनाअखेरीस सगळ्यात मोठे कारण तेच निघायचे.

दोन कारणे एकदम आली तर आधी आलेले कारण ते संपेपर्यंत चालते. रात्री १.०० ला मेकॅनिकल बिघाड झाला, ३.०० ला दुरुस्ती संपल्याची शिफ्ट इंजिनिअरची नोंद झाली, पण यार्ड मोकळे असल्याने मिल ४.१५ ला सुरू झाली, तर २.०० तास मेकॅनिकल आणि १.२५ तास ‘ऊस नाही’. यार्ड किती वाजता मोकळे झाले याने काही फरक पडत नाही. दुरुस्ती संपल्याची नोंदच नसेल तर सगळे ३.२५ तास मेकॅनिकलच्या नावावर. नोंद करायला दोन मिनिटे लागतात.

साखर उतारा

इथे चार वेगळे आकडे आहेत आणि सगळ्यांना लोक ‘रिकव्हरी’च म्हणतात.

`rec_day`: त्या दिवसाचा उतारा. पोत्यात भरलेली साखर आणि प्रोसेसमधल्या साखरेच्या साठ्यातली वाढ-घट यांची बेरीज, भागिले गाळप. पॅन, क्रिस्टलायझर आणि टाक्यांमधला साठा लॅब मोजमाप आणि नमुन्यांवरून ठरवते, त्यामुळे एका दिवसाचा आकडा थोडा वरखाली होणारच. तो गावात सांगत फिरू नये.

`rec_todate`: हंगामात आजअखेर तयार झालेली एकूण साखर भागिले एकूण गाळप. रोजच्या उताऱ्यांची सरासरी नव्हे. पहिल्या दिवशी ३,००० टनाला ९.२० आणि दुसऱ्या दिवशी ७,००० टनाला १०.६० उतारा पडला, तर साधी सरासरी ९.९० येते. खरा आजअखेर उतारा १०.१८ टक्के. गट ऑफिसने एक्सेलमध्ये काढलेली सरासरी रिपोर्टशी जुळत नसेल तर बहुधा कारण हेच.

`rec_incl_div`: बी-हेवी मळी किंवा सिरप इथेनॉलकडे वळवल्यामुळे जी साखर पोत्यात आलीच नाही, ती लॅबच्या हिशेबाने मिळवून काढलेला उतारा. शेजारच्या कारखान्याशी तुलना करायची तर हा आकडा घ्यावा, आणि त्यांचाही असाच आहे का हे आधी विचारावे. कागल-गडहिंग्लजकडचे शेतकरी दोन्हीकडचे आकडे मोबाईलवर शेजारी ठेवून बघतात. वळवलेली साखर धरलेली आणि न धरलेली अशी तुलना झाली की आपला ऊस हलका ठरतो.

`rec_frp`: ज्यावर दर ठरतो तो. हा मागच्या हंगामाचा अंतिम उतारा, १०.८५. हंगामभर बदलत नाही. आज `rec_day` वाढला म्हणून दर वाढत नाही आणि घटला म्हणून घटत नाही.

जबाबदारी: पहिले तीन लॅब, चौथा अकाउंट्स.

एफआरपी `frp_gross` आणि हाती येणारा दर `rate_net`

केंद्राने २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये ठरवले आहेत. आपल्या १०.८५ ला सहा टप्पे होतात. टनाला ३,५५० + ६ × ३४.६०, म्हणजे ३,७५७.६० रुपये. हा `frp_gross`. त्यातून तोडणी-वाहतूक वजा झाली की `rate_net`. तोडणी-वाहतूक ८४० धरली तर २,९१७.६०.

पत्रकात, फलकावर किंवा फोनवर दर सांगताना ‘तोडणी-वाहतुकीसह’ की ‘वजा जाता’ हे दोन शब्द सोडू नयेत. रिपोर्टात दोन्ही रकाने नेहमी शेजारी छापले जातील, एकटा कधीच नाही.

थकबाकी `arrears_rs` आणि देणे, मुदतीत `payable_rs`

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे पुरवठ्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यानंतर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणून १४ दिवस उलटलेले तेवढेच थकबाकी, बाकीचे देणे.

दिवस कुठून मोजायचे? भरल्या वजनाच्या तारखेपासून. अकाउंट्सचे म्हणणे रिकाम्या वजनापासून मोजावे, कारण बिलाचा टनेज तेव्हा कळतो. पण ऊस आपल्या यार्डात आला की शेतकऱ्याचे काम संपले. गाडी यार्डात ताटकळली तर तो वेळ आपला आहे.

साखर उत्पादन `sugar_qtl`

क्विंटलमध्येच. गोडाऊनला एक पोते म्हणजे ५० किलो, जुन्या विक्री रजिस्टरात १०० किलो. ‘पोती’ हा रकाना रिपोर्टातून काढला आहे.

नोंद क्षेत्र `area_reg`, तोड झालेले `area_cut`, बाहेर गेलेले `area_lost`, शिल्लक `area_bal`

शिल्लक म्हणजे नोंद वजा तोड वजा बाहेर गेलेले. सीमेवर एकच प्लॉट इकडच्या आणि तिकडच्या अशा दोन कारखान्यांकडे नोंदवलेला असणे नवे नाही. ज्याची टोळी आधी येईल त्याला ऊस जातो. त्यामुळे नोंद क्षेत्र हे आश्वासन आहे, साठा नव्हे. ॲग्री ओव्हरसियरने प्लॉट पाहून ‘बाहेर’ नोंदवल्याशिवाय तो शिल्लकेतून कमी होत नाही. जानेवारीनंतर ही पाहणी दर आठवड्याला.

राज्य `plot_state`

प्लॉटचा आरटीसी आहे की सात-बारा, त्यावरून. गाडीचा नंबर केए-२३ की एमएच-०९, शेतकरी निपाणीत राहतो की कागलात, बँक खाते कुठले, यातले काहीही चालणार नाही. संकेश्वर गटात मागच्या यादीत गाडीच्या नंबरावरून राज्य भरले होते, ते बदलून घेतले आहे.

चालू टोळ्या `gangs_active`

त्या दिवशी जिच्या कोडवर किमान एक स्लिप निघाली ती टोळी. करार झालेल्या, उचल घेतलेल्या किंवा फडावर झोपड्या घालून बसलेल्या टोळ्या यात नाहीत.

बदल कसा करायचा

व्याख्या बदलायची असेल तर जबाबदार विभागाने लेखी मागणी संगणक विभागाकडे द्यावी. बदल पुढच्या सोमवारच्या सकाळी ६ पासून लागू होईल, मागचे आकडे बदलले जाणार नाहीत, आणि त्या आठवड्याच्या रिपोर्टात कोडापुढे चांदणी दिसेल. तोंडी सांगितलेला बदल होणार नाही, सांगणारा कुणीही असो.

जळिताच्या उसाची व्याख्या अजून ठरलेली नाही. शेतकी म्हणते स्लिपवर शेरा असेल तो जळीत, लॅब म्हणते यार्डात बघून ठरवू. तोवर `burnt_mt` या रकान्यात आडवी रेघ येईल.