स्टिअरिंगवर आमची सई!

हो, ड्रायव्हर सीटवर सईच आहे. फोटो गाडी उभी असताना काढलाय, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक पूर्ण ओढून. कुणी विचारायच्या आत सांगून टाकते. मागच्या काचेतून डोकावतायत त्या आमच्या सासूबाई. नातीनं गाडी शिकायची आणि आपण घरी बसायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं.

पुढचा तो लाल 'एल' नीट बघा. बाजारात स्टिकर मिळतो, पण सईनं नियम वाचला: पांढरा चौकोन किमान 18 सेंटिमीटरचा, त्यावर लाल अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच, पुढे आणि मागे दोन्हीकडे. मग पट्टी घेऊन बसली आणि स्वतः मापून कापला. भूमितीच्या वहीत इतकी सरळ रेघ तिनं कधी मारली नव्हती! ते बघून माझी अर्धी भीती तिथेच गेली. उरलेली अर्धी अजून आहे, ती पहिल्या गिअरपासून दुसऱ्यापर्यंत माझ्या घशाशी येते आणि तिसरा पडला की खाली जाते.

सुरुवात जिल्हा परिषदेच्या मैदानावर केली, सकाळी लवकर. वॅगनआरनं इतके आचके खाल्ले की मागे सासूबाईंच्या पिशवीतले बटाटे सीटखाली गेले. "सये, क्लच हळू सोड, बटाटे महाग झालेत," त्या म्हणाल्या आणि आम्ही तिघी हसत सुटलो. त्या हसण्यानं पोरीचे खांदे सैल झाले, आणि पुढच्या वेळी गाडी लोण्यासारखी निघाली. बाबांचं काम घरी. आम्ही परत यायच्या वेळेला ते फाटकातल्या सगळ्या कुंड्या आत नेऊन ठेवतात आणि शेजाऱ्यांची स्कूटर पार कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतात. "रिव्हर्सला जागा हवी," म्हणतात. जागा एवढी केलेली असते की एसटी वळेल.

पण हा फोटो टाकतेय तो कालच्या चढासाठी. समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या बाजूला जाताना पुढे एक टेम्पो अचानक थांबला. सईनं ब्रेक मारला, गाडी बंद पडली. मागे वडाप, त्याच्या मागे दुचाक्या, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "आई, थांब, मला माहितीये." हँडब्रेक ओढला. न्यूट्रल, स्टार्टर, पहिला गिअर. क्लच सावकाश वर येऊ दिला, इंजिनाचा आवाज जड झाला, नाक जरासं उचलल्यासारखं झालं. तिथेच तिनं पाय धरला, थोडा अॅक्सिलरेटर दिला आणि मगच हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागे सरकली नाही. मी वरचं हँडल धरून बसले होते, ते सोडायचं मला वर पोचल्यावर सुचलं.

मला हॉर्नची सवय आहे, मी कित्येक वर्षं गाडी चालवतेय. पण तेवढ्या गोंगाटात डोकं शांत ठेवणं तिला मी शिकवलेलं नाही. ते तिचं स्वतःचं आहे, आणि ते बघून ऊर भरून आला.

एक गोष्ट मनापासून लिहिते. दहावीच्या सुट्टीतच "दे की गाडी, मैदानावरच तर आहे" म्हणणारे खूप भेटले. आम्ही दिली नाही. कार चालवायला वय 18 पूर्ण लागतं, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड नसता तरी दिली नसती. रस्त्यावर दुसऱ्यांचीही लेकरं असतात. सई तेव्हा रुसली होती. या वाढदिवसानंतर लर्निंगचा फॉर्म तिनं स्वतःच भरला, परीक्षा दिली, आणि आता महिना पूर्ण झाला की पक्क्या लायसन्सची टेस्ट. तोपर्यंत शेजारच्या सीटवर मी, माझं लायसन्स पर्समध्ये.

सातारकरांनो, एकच विनंती. पोवई नाक्याच्या आसपास पांढरी वॅगनआर आणि मागे मापात कापलेला लाल 'एल' दिसला तर थोडं अंतर ठेवा. सिग्नल सुटल्या सुटल्या हॉर्न मारू नका, तिला दोन क्षण द्या, ती निघते. घाई असेल तर मोकळी जागा बघून उजवीकडून पुढे जा, कट मारू नका. आणि तुम्ही ओळखीचे असाल, हात केलात आणि सईनं केला नाही, तर राग मानू नका. तिचं लक्ष रस्त्यावर आहे. हात करायचं काम आजीकडे दिलंय.