सातेरी इंजिनिअरिंग वर्क्सचे नाव व नोंदणी बदलत असल्याबाबत

उद्यमबाग, बेळगाव – ५९०००८
दि. २ मार्च २०२६

प्रति,
आमचे सर्व ग्राहक, पुरवठादार, जॉबवर्क करून देणारे व वाहतूकदार यांस,

स.न.वि.वि.

आप्पांनी सुरू केलेला सातेरी इंजिनिअरिंग वर्क्स हा कारखाना १ एप्रिल २०२६ पासून सातेरी प्रिसिजन कंपोनंट्स या नावाने चालेल. आप्पा आता रोजच्या कामातून बाजूला होत आहेत. मी आणि माझा भाऊ प्रशांत अशी आम्हा दोघांची भागीदारी फर्म हा व्यवसाय मशीन, कामगार, येणे-देणे यांसकट पुढे चालवणार आहे. जागा तीच, मशीन त्याच, डिस्पॅचला बसणारी माणसेही तीच. बदलते ते कागदावरचे सगळे. तुमच्या हिशेबखात्याच्या कामाचा भाग म्हणजे नेमका हाच कागद, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. कृपया ते तुमच्या खरेदी विभागाकडे न ठेवता अकाउंट्सकडे पाठवावे.

नुसते नाव बदलले असते तर जीएसटी क्रमांक तोच राहिला असता. आमच्या बाबतीत तसे नाही. आजवरचा व्यवसाय आप्पांच्या स्वतःच्या पॅनवर होता. भागीदारी फर्मला स्वतंत्र पॅन मिळतो आणि जीएसटी क्रमांकाच्या पोटातच पॅन असतो, त्यामुळे क्रमांकही नवा आला. जुन्या बिलावरचा क्रमांक काढून पाहा. सुरुवातीचे २९ हे कर्नाटकाचे, पुढची दहा अक्षरे पॅनची, आणि त्या पॅनचे चौथे अक्षर P, म्हणजे व्यक्ती. नव्या क्रमांकात त्याच जागी F आहे, म्हणजे फर्म. दोन्ही नावांत ‘सातेरी’ असल्याने निवडताना चूक होण्याची मला सर्वांत जास्त धास्ती आहे. घाईत बिल नोंदवताना कोणत्या सातेरीचे ते कळेना, तर हे एक अक्षर पाहा.

तुमच्या सिस्टिममध्ये भरायची माहिती अशी:

नाव: SATERI PRECISION COMPONENTS
प्रकार: भागीदारी फर्म
पॅन: AAXFS4172L
जीएसटी क्रमांक: 29AAXFS4172L1ZK
आमच्या नव्या बिलांची मालिका: SPC/26-27/0001 पासून
पत्ता: जुनाच, शहराचे नाव BELAGAVI

स्पेलिंग जसेच्या तसे ठेवावे. मधे ‘अँड’ नाही, शेवटी ‘लिमिटेड’ नाही. शहराच्या नावाबद्दलही सांगते. २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झाले, तरी अनेकांच्या मास्टरमध्ये आम्ही अजून BELGAUM आहोत. आता नवे खाते उघडतच आहात, तर प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहा.

हेही सांगायला हवे की नवी पाटी आम्ही पाडव्याला, १९ मार्चला पूजा करून लावणार आहोत. आप्पांची तशी इच्छा आहे. दारावर नवे नाव दिसले, पेढा हातात आला, म्हणून बिल लगेच नव्या नावाने करू नका. नवी नोंदणी हातात आली असली तरी ३१ मार्चपर्यंतचा प्रत्येक व्यवहार जुन्या नावाने आणि जुन्या क्रमांकावरच होईल.

ग्राहकांसाठी

तुमच्याकडे आमच्या ज्या खरेदी ऑर्डर अर्धवट आहेत, त्यांतील ३१ मार्चला शिल्लक राहणारी संख्या नव्या नावाने वळवून द्यावी. दर, मुदत, ड्रॉइंग क्रमांक, तपासणीच्या अटी यांत काहीही बदल नाही. व्हेंडर कोड नवा लागणार असेल तर तो २० मार्चपर्यंत तयार व्हावा अशी विनंती आहे. कोड नसला की आमची गाडी तुमच्या गेटवर उभी राहते आणि उन्हात ताटकळतो तो ड्रायव्हर. ३० आणि ३१ मार्चला आमच्याकडून एकही गाडी सुटणार नाही. वाटेत असताना नाव बदललेला माल कोणालाच नको.

शिरोली, गडहिंग्लज आणि शिनोळीच्या ग्राहकांना मुद्दाम लिहिते. शिनोळी आम्हाला निपाणीपेक्षा जवळ, पण ती चंदगड तालुक्यात, म्हणजे राज्याबाहेर. तुमचा क्रमांक २७ ने सुरू होतो, आमचा २९ ने, म्हणून बिलावर आयजीएसटी लागतो तो तसाच लागत राहील. तुम्ही मशीनिंगसाठी माल पाठवता तेव्हा राज्याबाहेरच्या जॉबवर्कला रक्कम कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागते, आणि त्यात माल घेणाऱ्याचा क्रमांक आमचा असतो. बहुतेक जण जुने ई-वे बिल समोर ठेवून नवे बनवतात. १ एप्रिलपासून तसे करू नका, तिथे जुना क्रमांक आपोआप येईल.

तुमचा जो कच्चा माल आमच्याकडे पडून असेल, त्याचा मोजून केलेला तक्ता चलन क्रमांकांसह २५ मार्चपर्यंत तुम्हाला मिळेल. शक्य तितका माल काम पूर्ण करून जुन्याच चलनांवर परत पाठवतो. उरेल त्यासाठी जुन्या जॉबवर्करकडून नव्याकडे अशी नोंद चलनावर करून घेऊ. पॅटर्न, जिग, फिक्स्चर यांचीही स्वतंत्र यादी येईल. ती तुमची मालमत्ता आहे आणि आमच्या येण्या-देण्यात ती धरलेली नाही, हे इथे लेखी नोंदवते. यादी पडताळून सही करून परत पाठवा. आमच्या रॅकवर काही पॅटर्न पंधरा-सोळा वर्षांचे आहेत आणि त्यांवरचा रंग उडाला आहे. कोणाचा कोणता हे आप्पांना पाठ आहे, आम्हाला कागदावर हवे आहे.

टीडीएस कापणाऱ्यांनी कृपया पुढचे नीट वाचावे. जॉबवर्कच्या बिलावर आजवर तुम्ही एक टक्का कापत होता, कारण पैसे एका व्यक्तीला जात होते. फर्मला तो दोन टक्के आहे. म्हणजे १ एप्रिलनंतरच्या जॉबवर्क बिलावर दोन टक्के कापा आणि नव्या पॅनवर भरा. जुन्या दराने कापलात तर फरकाची नोटीस तुम्हाला येईल, आणि जुन्या पॅनवर भरलात तर आमची रक्कम आप्पांच्या नावावर जमा होईल. मार्चअखेर खात्यात घेतलेल्या आमच्या बिलांचा टीडीएस मात्र जुन्या पॅनवरच जाईल, पैसे एप्रिलमध्ये दिलेत तरीही.

जुन्या बिलांवर रिजेक्शन किंवा दरफरक काढायचा असेल तर २० एप्रिलपर्यंत कळवा. ३० एप्रिलला आम्ही जुनी नोंदणी रद्द करून घेत आहोत. त्यानंतर त्या क्रमांकावरून क्रेडिट नोट काढता येणार नाही.

पुरवठादारांसाठी

तुमचे बिल चुकीच्या क्रमांकावर गेले तर नुकसान थेट आमचे होते. तुम्ही ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरता, १४ ला आमच्या २बी मध्ये ते दिसते, आणि तिथे दिसले तरच आम्हाला जमा मिळते. जुन्या क्रमांकावर गेलेले एप्रिलचे बिल नव्या फर्मच्या २बी मध्ये येणार नाही. तुम्ही तिमाही पत्रक भरत असाल तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची आमची बिले त्या-त्या पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये टाकावीत, एवढी मेहेरबानी करा. चुकीच्या क्रमांकाचे बिल आम्ही दुरुस्तीसाठी लगेच परत पाठवू. त्याचा राग मानू नये. त्या काळात तुमचे पेमेंट अडून राहिले तर मलाही बरे वाटणार नाही.

२८ मार्चनंतर माल पाठवू नका. तोपर्यंत निघालेला माल जुन्या नावाने, पुढचा १ एप्रिलच्या बिलाने नव्या नावाने. पिग आयर्न आणि कोकची वर्दी आम्ही त्या हिशेबाने आधीच देत आहोत.

जुन्या बिलांचे पैसे बुडतील किंवा लांबतील असे कोणाच्या मनात येऊ नये. भागीदारी पत्रात जुने सगळे देणे नव्या फर्मने पत्करले आहे. तरीही हिशेब सरळ राहावा म्हणून जुनी बिले जुन्या खात्यातूनच चुकती होतील, आणि लघुउद्योजकांची ४५ दिवसांची मुदत पाळली जाईल. जुन्या नावाने दिलेले पुढच्या तारखेचे चेक वटतील. ते खाते आम्ही ३० जूनपर्यंत चालू ठेवत आहोत. ३१ मार्चचा खातेउतारा १० एप्रिलपर्यंत पाठवा, म्हणजे सुरुवातीची बाकी दोन्हीकडे एकच राहील.

पैसे कोठे पाठवायचे

३१ मार्चपर्यंतच्या बिलांचे पैसे जुन्या खात्यात. १ एप्रिलच्या व पुढच्या बिलांचे नव्या खात्यात. दोन्ही बिलांची रक्कम एकत्र करून एकाच वेळी भरू नका. बँक तीच, शाखा तीच, आयएफएससी कोडही तोच. फक्त खाते क्रमांक बदलतो आणि त्याचे शेवटचे चार आकडे 6038 आहेत. पूर्ण क्रमांक या पत्रात मुद्दाम लिहिलेला नाही. तो रद्द केलेल्या चेकसह, आम्हा दोघांच्या सहीने, बंद पाकिटात येईल.

याचे कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका कारखान्याच्या नावाने कोणीतरी ‘आमचे खाते बदलले आहे’ असे व्हॉट्सॲपवर पाठवले. लेटरहेडही हुबेहूब होते. ग्राहकाने विश्वासाने पैसे भरले आणि ते गेले. दोघांचाही काही दोष नव्हता, तरी दोघांचे संबंध बिघडले. आम्ही खरोखरच खाते बदलत आहोत, म्हणून हीच वेळ कोणी साधू शकतो. तेव्हा पाकीट मिळाल्यावर आमच्या जुन्या बिलावर छापलेल्या लँडलाइनवर फोन करा. पाकिटातल्या किंवा मेसेजमधल्या नंबरवर नको. मी किंवा प्रशांत फोनवर खाते क्रमांक वाचून दाखवू, मगच तो सिस्टिममध्ये घाला. एनईएफटी-आरटीजीएससाठी एप्रिल २०२५ पासून बँकांनी खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय दिली आहे. तिथे SATERI PRECISION COMPONENTS दिसले पाहिजे. दुसरे काही दिसले तर थांबा. पहिल्या वेळी एक रुपया पाठवून विचारलेत तरी आम्हाला वाईट वाटणार नाही, उलट बरेच वाटेल.

खाते बदलल्याचे आम्ही यापुढे कधीही मेसेजवर कळवणार नाही.

उद्यम नोंदणी पॅनला जोडलेली असल्याने तीही नवी घेतली आहे. प्रत सोबत आहे. वाहतूकदारांनी १ एप्रिलपासून बिल्टीवर पाठवणारा किंवा घेणारा म्हणून नवे नाव लिहावे. या पत्राची कन्नड व इंग्रजी प्रतही सोबत ठेवली आहे, ज्यांच्या कार्यालयात जी चालते ती त्यांनी फाइलला लावावी.

सोबतच्या पोचपावतीवर तुमच्याकडे नोंद झाल्याची तारीख, नोंद करणाऱ्याचे नाव आणि तोवर तयार झाला असल्यास नवा व्हेंडर किंवा ग्राहक कोड लिहून १६ मार्चपर्यंत पाठवा. १७ तारखेपासून राहिलेल्यांना मी स्वतः फोन करेन. आप्पा दररोज सकाळी अकरापर्यंत कारखान्यात असतात. ज्यांना नावाबद्दल त्यांच्याशी बोलायचे आहे त्यांनी जरूर यावे, चहा होईल.

आपली,
रेवती कालकुंद्रीकर
भागीदार, सातेरी प्रिसिजन कंपोनंट्स

वरील मजकूर मला मान्य आहे.
मारुती कालकुंद्रीकर
मालक, सातेरी इंजिनिअरिंग वर्क्स

सोबत: नव्या जीएसटी प्रमाणपत्राची, पॅनची व उद्यम प्रमाणपत्राची प्रत, पोचपावतीचा नमुना, या पत्राची कन्नड व इंग्रजी प्रत.