आलेल्या संदेशांची वर्गवारी व पाठवणी : निर्णयवृक्ष

प्रश्न १ : संदेश आपल्या मालाशी किंवा सेवेशी संबंधित आहे का? नसेल आणि त्यात अनोळखी लिंक, बक्षिसाचे आमिष किंवा ओटीपीची मागणी असेल, तर तो ‘स्पॅम’ कप्प्यात टाकावा. शंका असल्यास मात्र प्रश्न २ कडे जावे, कारण खऱ्या ग्राहकाचा संदेश स्पॅममध्ये हरवणे ही सर्वांत गंभीर चूक ठरते.

प्रश्न २ : झालेल्या व्यवहाराबद्दल नाराजी आहे का? असल्यास ‘तक्रार’, ऑर्डर क्रमांकासह तक्रार निवारण विभागाकडे पाठवावी. हा प्रश्न मुद्दाम ऑर्डरच्या आधी ठेवला आहे. “फिल्टरचे झाकण तडकलेले आले, आणखी दोन पाठवा” या संदेशात ‘पाठवा’ असले, तरी ग्राहकाला बदली नग हवेत की नवी खरेदी करायची आहे, हे विचारल्याशिवाय ऑर्डर नोंदवू नये.

प्रश्न ३ : वस्तू आणि नगसंख्या स्पष्ट आहे का? असल्यास ‘ऑर्डर’, विक्री विभागाकडे.

उरलेले सर्व संदेश ‘चौकशी’ म्हणून ग्राहक सेवेकडे जातील. “पार्सल कुठवर आले?” हीसुद्धा चौकशीच, परंतु पोहोचवण्याची तारीख उलटली असेल, तर ती तक्रार समजावी.