विषय : दिवाळी अंकाची मांडणी, छापखान्याच्या तारखेत बदल

सुनंदाताई,
सप्रेम नमस्कार.

२५ सप्टेंबरला पूर्ण अंक छापखान्यात द्यायचा ठरला होता, तो आता ५ ऑक्टोबरला जाईल. घरात तब्येतीची तातडीची अडचण आली आणि सगळं सोडून तिकडे धावावं लागलं. त्याचा तपशील घरापुरताच ठेवतो आहे, तुम्ही समजून घ्याल. पुढचे काही दिवस मी अर्धाच वेळ कामाला बसू शकेन. नवी तारीख तेवढा वेळ धरूनच काढली आहे, त्यामुळे ती पुन्हा हलणार नाही.

१२ फर्म्यांपैकी ७ तयार आहेत, म्हणजे कथा विभाग आणि दोन्ही दीर्घ लेख. त्यांची शेवटची प्रुफं तुम्ही पाहिलेली आहेत. छापखान्याशी बोलून ठेवलं आहे. हे ७ फर्मे ते जुन्या तारखेलाच मशीनवर घेतील, त्यामुळे आपली पाळी जाणार नाही. मात्र अनुक्रमणिका पहिल्या फर्म्यात येते आणि पुढचे पृष्ठक्रमांक पक्के झाल्याशिवाय तो सोडता येत नाही. तो सगळ्यात शेवटी छापू. मुखपृष्ठाचं काम स्वतंत्र आहे, त्याला धक्का नाही.

राहिलं परिसंवाद, कविता आणि जाहिरातींची पानं. परिसंवादाचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटली आहेत. ‘र्‍या’ आणि ‘क्ष’ तर जागोजागी. ते काम माझा एक सहकारी आजपासून करतो आहे. कवितांची मांडणी मात्र मीच करणार. ओळ कुठे मोडायची हे मी त्या कवींशी बोलून ठरवलेलं आहे, ते दुसऱ्या हाती देणं मला बरं वाटत नाही.

परिसंवादाची प्रुफं तुम्हाला २८ला मिळतील. ती ३०पर्यंत परत आली तर ५ तारीख नीट गाठता येईल. उरलेल्या जाहिराती २७पर्यंत हव्यात. त्यानंतर आलेली जाहिरात घ्यायची तर एखादं पान उचलावं लागेल, आणि आता ते करू नये असं माझं मत आहे.

ही तारीख तुमच्या प्रकाशन समारंभाला किंवा विक्रेत्यांना अडचणीची असेल, तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. उरलेलं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावंसं वाटलं, तर सगळ्या खुल्या फायली फॉन्टसकट त्याच दिवशी पाठवीन. झालेल्या फर्म्यांपुरतंच बिल लावीन. एरवीही २५ला द्यायचा हप्ता काम पूर्ण झाल्यावरच द्या.

दिवसा फोन उचलता येईलच असं नाही. व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा, रात्री ९नंतर उत्तर देईन. छापखान्याचं काही तातडीचं निघालं तर माझ्या सहकाऱ्याशी थेट बोला, त्याचा नंबर वेगळा पाठवतो. त्याला सगळी कल्पना दिली आहे.

तुम्हाला ऐन धावपळीत हे कळवावं लागतं आहे, त्याचं मला वाईट वाटतं.

आपला,
मिलिंद