रजा मंजुरीबद्दल आभार

आदरणीय साहेब,

रजा मंजूर केल्याबद्दल मनापासून आभार. हळदीचे सौदे जोरात असताना सुट्टी मागायची जिवावर आली होती, पण बहिणीचं लग्न काही थांबायचं नाही! सोमवार 4 मे ते शनिवार 9 मे रजेवर आहे. सोमवारी, 11 तारखेला नेहमीच्या वेळेला मार्केट यार्डात हजर होतो.

शेतकऱ्यांच्या पट्ट्या शिंदे मॅडम काढतील, काट्याच्या नोंदी सचिन बघेल. दोघांनी आपणहून काम अंगावर घेतलं, त्यांचे विशेष आभार. मॅडम, तासगावच्या दोन पट्ट्यांवर हमालीचा आकडा यायचाय. त्या निळ्या फाईलमध्ये वरच ठेवल्यात. कपाटाची किल्ली रजेआधीच्या शनिवारी जाताना साहेबांकडे देतो. काही अडलं तर फोन करा, मांडवातूनही उचलेन. अक्षता सोडून!