विषय: वडिलांचं नाव आणि खरेदीखतातली रक्कम, बरोबर कोणतं ते कळवावं (वाईच्या घराची कागदपत्रं)

सौ. जयश्रीताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या पाचही कागदांचा इंग्रजी अनुवाद काल पूर्ण केला. सहीशिक्का करण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचले, तेव्हा दोन ठिकाणी ते एकमेकांशी जुळत नाहीत असं दिसलं. म्हणून संच पाठवायचा थांबले आहे. टोरांटोच्या बँकेत तुम्हाला २८ ऑगस्टला कागद द्यायचे आहेत हे लक्षात आहे. तुमचं उत्तर २१ तारखेपर्यंत आलं तर काम नक्की वेळेत होईल.

आधी रकमेबद्दल, कारण बँक तेच आधी बघेल.

मार्चमध्ये नोंदवलेल्या खरेदीखताच्या पान ४ वर मोबदला आकड्यांत ४८,५०,००० रुपये आहे. त्याला लागूनच कंसात अक्षरी रक्कम आहे, ती मात्र ‘अठ्ठेचाळीस लाख पाच हजार’ अशी आहे. म्हणजे ४५,००० रुपयांचा फरक. पान ७ वरच्या भरणा तपशिलात तिन्ही वारसांच्या रकमा दिल्या आहेत: तुमच्या बंधूंना १६,२०,०००, तुम्हाला १६,१५,००० आणि धाकट्या ताईंना १६,१५,०००. बेरीज ४८,५०,००० येते. त्यावरून टंकलेखकाच्या हातून ‘पन्नास’च्या जागी ‘पाच’ पडलं असावं असं मला वाटतं. पण मला वाटणं हा काही पुरावा नव्हे. नोंदणी झालेल्या दस्तातला शब्द अनुवादात बदलण्याचा मला अधिकार नाही.

तेव्हा कृपया दोन गोष्टी कळवा. ठरलेली एकूण किंमत ४८,५०,००० होती ना? आणि ही चूक लक्षात आल्यावर चूक दुरुस्ती पत्र करून नोंदवलं होतं का? केलं असेल तर त्याची प्रत पाठवा, मी तेही अनुवादाला जोडते. केलं नसेल तर सूची क्रमांक २ ची प्रत हवी आहे. ती दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, बंधू वाईलाच असतात तर त्यांना आणता येईल. तिच्यात मोबदल्याचा वेगळा रकाना असतो, त्यामुळे कोणता आकडा नोंदवला गेला ते स्पष्ट होईल. दुरुस्ती पत्र करायचं तर खरेदीदाराच्याही सह्या लागतात. ते करायचं की नाही याबद्दल वकिलांशी बोलून घ्यावं, तो सल्ला मी देऊ शकत नाही.

हे काही मिळालं नाही तरी अनुवाद अडणार नाही. मी मूळ दस्ताप्रमाणे आकडा आणि अक्षरी रक्कम दोन्ही जशीच्या तशी लिहीन आणि खाली ‘मुळात तफावत आहे’ अशी अनुवादकाची टीप देईन. मात्र मग बँक तुम्हालाच खुलासा विचारेल, आणि तो तयार असलेला बरा. तुमच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम कर कापून आलेली असल्यामुळे १६,१५,००० पेक्षा कमी दिसेल. कराच्या कापणीचा दाखला सीएकडून घेऊन सोबत ठेवा, म्हणजे तिसरा आकडा पाहून कुणी बुचकळ्यात पडणार नाही. इंग्रजीत मी रक्कम INR 4,850,000 अशी लिहिणार आहे, कारण आपले लाखाचे स्वल्पविराम तिकडच्या वाचणाऱ्याला कळत नाहीत.

आता वडिलांचं नाव.

मिळकत पत्रिकेत ‘दत्तात्रय गोविंद जोशी’ आहे. खरेदीखतात पान २ वर ‘दत्तात्रेय’ आहे आणि त्याच खरेदीखतात पान ५ वर ‘दत्तात्रय’. तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नुसतं ‘दत्तू’ आहे. आणि २००३ सालचा मृत्यूचा दाखला हाताने लिहिलेला आहे. त्यात नावावरूनच नगरपालिकेचा जांभळा गोल शिक्का गेला आहे. स्क्रीनवर खूप मोठं करून पाहिलं. ‘त्र’च्या वर एक तिरकी रेघ दिसते, पण ती मात्रा आहे की शिक्क्याच्या कडेची शाई, हे मला ठरवता येत नाही. मूळ कागद ज्यांच्याकडे असेल त्यांना खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फक्त त्या ओळीचा जवळून फोटो काढायला सांगा. नगरपालिकेतून नवी प्रत मिळाली तर सर्वांत उत्तम.

आपल्याकडे ही तिन्ही रूपं एकाच माणसाची असतात हे घरात सगळ्यांना माहीत असतं. पण इंग्रजीत Dattatray, Dattatreya आणि Dattu अशी तीन नावं समोर आली की परक्या माणसाला ती तीन माणसं वाटू शकतात. वडील स्वतः सही कशी करायचे, त्यांच्या पॅनवर किंवा पासबुकावर काय होतं, तेवढं सांगा. अनुवादात मी प्रत्येक कागदावर आहे तेच रूप ठेवणार आहे, सगळीकडे एकच करणार नाही. त्याऐवजी ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं बंधूंचं प्रतिज्ञापत्र वाईला करून घ्या. त्याचा अनुवाद मी लगेच करून देईन, त्याचे वेगळे पैसे नकोत.

मी हे इतकं ताणून का धरते आहे तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या कागदांत असंच नाव दोन तऱ्हेनं होतं. त्यांचा त्रास वाचावा म्हणून मी दोन्हीकडे सारखं करून दिलं. परदेशातल्या कार्यालयात कुणीतरी मराठी वाचणारं होतं, त्यांनी मूळ कागदाशी ताडून पाहिलं आणि सगळा संच परत पाठवला. त्या बाईंचा दीड महिना माझ्यामुळे गेला. ते मला अजून लागतं, आणि तुमच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही.

तुमच्या स्वतःच्या नावाचं सोपं आहे. मराठीत सगळीकडे ‘जयश्री’च आहे. पासपोर्टवर Jayashree Arvind Lele आहे, पॅनवर मात्र Jayshree, मधला a नाही. मी पासपोर्टप्रमाणे Jayashree घेतलं आहे, कारण तिकडे तुमची ओळख पासपोर्टवरून होणार. यावर ‘हो’ एवढंच लिहिलंत तरी चालेल. बँकेतलं खातं वेगळ्या स्पेलिंगनं असेल तर मात्र आवर्जून सांगा. खरेदीखतातलं ‘माहेरचे नाव जयश्री दत्तात्रय जोशी’ हे वाक्य मी पूर्ण ठेवलं आहे, वडिलांशी तुमचं नातं त्याच वाक्यावरून सिद्ध होतं.

मसुदा सोबत जोडला आहे. शंकेच्या जागा पिवळ्या केल्या आहेत. बरोबर काय ते त्या जागीच लिहून फाईल परत पाठवलीत तर तुमचं टंकन वाचेल, पण आधाराचा कागद सोबत हवाच. फोनवर बोलायचं असेल तर आमच्या संध्याकाळी सातला, म्हणजे तुमच्या सकाळी साडेनऊला, मी रोज मोकळी असते. तरी रक्कम आणि नाव यांचं उत्तर लेखीच द्या, बोलण्यात ‘पाच’ आणि ‘पन्नास’ पुन्हा चुकायला नकोत.

बंधूंना हा मेल पुढे पाठवलात तरी हरकत नाही.

आपली,
वृषाली साठे
मराठी-इंग्रजी अनुवादक, पुणे